घाण्याच्या तेलाचे जास्तीचे पैसे कशाचे?

दुकानात रिफाइंड शेंगदाणा तेलाच्या डब्याशेजारी घाण्याच्या तेलाचा डबा असतो आणि दोघांच्या भावात चांगलाच फरक असतो. हा फरक समजून घ्यायला हिशेब दाण्यांपासून मांडावा लागतो.

लाकडी घाण्यात एक किलो तेलाला साधारण अडीच किलो दाणे लागतात. समजा, दाणे १२० रुपये किलो आहेत. म्हणजे ३०० रुपयांचा माल झाला. दीडेक किलो पेंड उरते, ती ४० रुपयांनी गेली तर ६० रुपये सुटतात. तेल २४० रुपयांना पडले. मजुरी, वीज, डबा आणि नफा वेगळा. त्या दिवशी कोणी ‘शुद्ध घाण्याचे’ म्हणून २२० रुपयांना देत असेल, तर भेसळीची शंका घ्यायलाच हवी.

मोठ्या कारखान्याचे गणित निराळे. पेंडीत राहिलेले तेलही हेक्झेन या द्रावकाने काढून घेता येते. मग कॉस्टिक सोड्याने आंबटपणा, विशिष्ट मातीने रंग आणि निर्वात टाकीत २०० अंशांवरच्या वाफेने वास काढतात. त्यामुळे कमी प्रतीचा मालही खपून जातो. घाणेवाल्याला ती सोय नाही. ‘कोल्ड प्रेस्ड’ म्हणजे बाहेरून उष्णता न देता फक्त दाबून काढलेले तेल. ते निवळायला ठेवायचे आणि गाळायचे, एवढेच. त्याचा वास टिकतो, आणि दाण्यांचा दोषही टिकतो. बुरशी लागलेल्या दाण्यांतले अफ्लाटॉक्सिन हे विष काही प्रमाणात तेलात उतरते. ते रिफायनिंगमध्ये बहुतांशी निघते, घाण्यात नाही. म्हणून घाणेवाल्याकडे आधी दाणे पाहावेत. काळपट, सुरकुतलेले, कुबट वासाचे दाणे दिसले तर परत फिरावे.

डब्यावरचे ‘कोलेस्टेरॉल फ्री’ खरे आहे, पण ते कुठल्याही वनस्पती तेलाबद्दल खरेच असते. दोन्ही डब्यांतली चरबी जवळपास सारखी आणि उष्मांकही तेवढेच. घाण्याच्या तेलात व्हिटॅमिन ई थोडे जास्त राहते, पण चमचा-दोन चमचे तेलात त्याने मोठा फरक पडत नाही. ‘१५ लिटर’ आणि ‘१५ किलो’ मात्र नीट वाचावे. तेल पाण्यापेक्षा हलके असते, त्यामुळे १५ लिटरच्या डब्यात साधारण पावणेचौदा किलोच तेल भरते. भाव नेहमी किलोवर आणून मगच तुलना करावी.

जास्तीचे पैसे जातात ते चवीचे आणि पेंडीत राहिलेल्या तेलाचे. लसणाची चटणी, भाकरीवरची तेलाची धार, वरून घालायची फोडणी यांत ती चव लागते. तिथे पैसे वसूल. पुऱ्या-भजी तळायला ते वापरणे महागातले काम. तिथे रिफाइंड चालते. चार माणसांच्या घराने घाण्याचे तेल महिन्या-दोन महिन्यांपुरतेच घ्यावे. स्वस्त पडतो म्हणून पूर्ण डबा आणला आणि तळाशी खवट झाला, तर बचत त्यातच गेली.