पंखावरची हवा घाई का करते?

सेस्ना १७२ हे चार आसनांचं, एका इंजिनाचं छोटं विमान. १९५६ पासून अशी ४४ हजारांहून अधिक विमानं तयार झाली आणि जगभरातल्या असंख्य वैमानिकांनी उड्डाणाचे पहिले धडे यातच गिरवले. माणसं, इंधन आणि सामान धरून त्याचं वजन साधारण ११०० किलो भरतं. एवढा भार हवेत तोलून धरायला त्याच्याकडे जेमतेम १६ चौरस मीटरचे पंख असतात.

हे गणित नववीच्या विद्यार्थ्याला सहज करता येईल. ११०० किलोंचं वजन म्हणजे सुमारे १०,८०० न्यूटन बल. ते १६ चौरस मीटरवर वाटलं, तर दर चौरस मीटरला सुमारे ६७० न्यूटन, म्हणजेच ६७० पास्कल दाब येतो. समुद्रसपाटीजवळ हवेचा दाब एक लाख पास्कलच्या थोडा वर असतो. म्हणजे पंखाच्या खालचा दाब वरच्यापेक्षा हवेच्या एकूण दाबाच्या दीडशेव्या भागाएवढा जास्त असला, तरी विमान उचललं जातं. हवा एरवीही पंखाला खालून आणि वरून प्रचंड जोरानं दाबतच असते. त्या दोन दाबांत थोडा फरक पाडणं, एवढंच पंखाचं काम.

हा फरक पडतो कसा? याचं एक उत्तर अनेक पुस्तकांत वर्षानुवर्षं छापलं गेलं आहे. पंखाची वरची बाजू फुगीर, म्हणून तिथली वाट लांब. पुढच्या कडेशी दुभंगलेल्या हवेला मागच्या कडेशी एकाच वेळी पोहोचायचं असतं, म्हणून वरची हवा वेगानं धावते, असं ते उत्तर. पण एकाच वेळी पोहोचण्याची सक्ती हवेवर कोणी केली? निसर्गाचा असा कोणताही नियम नाही. केंब्रिज विद्यापीठातल्या होल्गर बाबिन्स्की यांनी विंड टनेलमध्ये धुराचे तुटक पट्टे सोडून हे डोळ्यांना दिसेल असं दाखवलं. वरून गेलेला धूर खालच्या धुराच्या कितीतरी आधी मागच्या कडेपाशी पोहोचतो. दुभंगलेले दोन भाग पुन्हा एकत्र येतच नाहीत.

आकडेही त्या उत्तराच्या विरोधात जातात. सेस्नाच्या पंखावरची वाट खालच्या वाटेपेक्षा फार तर दोन टक्के लांब असते. खालची हवा सेकंदाला ६० मीटर वेगानं गेली, तर 'एकाच वेळी'च्या हिशोबानं वरची हवा ६१ मीटरच्या थोड्या पुढं जाईल. त्यातून मिळणारी उचल सुमारे १४५ किलोंची. मग उरलेल्या साडेनऊशे किलोंना उचलणार कोण?

खरं कारण वळणात आहे. पंखाची पुढची कड किंचित वर रोखलेली असते आणि पाठ बाकदार असते. त्यावरून जाणारी हवा पृष्ठभागाला धरून राहते आणि त्या बाकाबरोबर खाली वळते. नववीच्या 'गतीचे नियम' या धड्यानुसार कोणत्याही वस्तूला वळायचं असेल, तर वळणाच्या आतल्या बाजूकडे बल लागतं. हवेला दोरी बांधून ओढता येत नाही. तिला वळवणारं बल दाबातल्या फरकातूनच मिळू शकतं. पंखापासून दूर, वर, हवेचा दाब नेहमीचा असतो. तिथून हवेला पंखाकडे ढकलायचं, तर पंखाच्या पाठीलगत दाब कमीच असला पाहिजे. तो तसा होतो, म्हणूनच हवा वळते.

आता समोरून येणारा हवेचा एक छोटासा घनाकार तुकडा डोळ्यांसमोर आणावा. त्याच्या मागं नेहमीचा दाब आहे, पुढं पंखावरचा कमी दाब. मागून धक्का जास्त आणि पुढून विरोध कमी, म्हणून न्यूटनच्या दुसऱ्या नियमाप्रमाणे त्याचा वेग वाढतो. पंखावरची हवा घाई करते ती यामुळे. खालच्या बाजूला उलट घडतं: दाब किंचित वाढतो आणि हवा मंदावते. वेग आणि दाब हे असे जोडीनं बदलतात. एकाच प्रवाहात वेग वाढला की दाब उतरतो, हा संबंध स्विस गणितज्ञ डॅनियल बर्नुली यांनी १७३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातून पुढं आला. मुळात तो ऊर्जेचाच हिशोब आहे. दाबातल्या फरकानं हवेवर कार्य केलं आणि तेवढी तिची गतिज ऊर्जा वाढली.

हा नियम सेस्नाला लावून पाहता येतो. विमान सेकंदाला ६० मीटर, म्हणजे ताशी २१६ किलोमीटर वेगानं जात आहे. समजा, पंखावरच्या हवेचा सरासरी वेग ६५ मीटर आणि खालच्या हवेचा ५५ मीटर आहे. दोन्ही वेगांचे वर्ग ४२२५ आणि ३०२५. त्यांची वजाबाकी १२००. हिला हवेच्या घनतेच्या निम्म्यानं, म्हणजे ०.६ नं गुणलं की ७२० पास्कल मिळतात. लागत होते ६७०. विमान तरंगायला एवढं पुरतं.

पंखामागं हवा खाली ढकलली जाते, हीसुद्धा याच घटनेची दुसरी बाजू. पंख हवेला खाली ढकलतो, हवा पंखाला वर. न्यूटनचा तिसरा नियम आणि बर्नुलीचा नियम एकाच उचलीचं मोजमाप दोन अंगांनी करतात. हवाई कसरतींतली विमानं उलटी होऊनही उडतात, तेही यामुळेच. नाक पुरेसं वर रोखलं, तर उलटा पंखही हवेला खाली वळवतो.

नाक जितकं वर, तितकी उचल जास्त. पण हे एका मर्यादेपर्यंतच. समोरून येणारी हवा आणि पंख यांच्यातला कोन साधारण १५ अंशांपलीकडे गेला की हवेला पंखाच्या पाठीला धरून राहता येत नाही. ती सुटते, भोवरे होतात, वळण संपतं आणि उचल झपाट्यानं घटते. वैमानिक याला स्टॉल म्हणतात. इंजिन व्यवस्थित चालू असतानाही स्टॉल होऊ शकतो.

सेस्ना १७२ मध्ये याची पूर्वसूचना देणारी एक साधी युक्ती आहे. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक लहानसं भोक असतं. कोन धोकादायक होऊ लागला की पंखावरचा कमी दाबाचा पट्टा कडेवरून खाली सरकत त्या भोकापर्यंत येतो आणि आतली हवा बाहेर खेचतो. ती हवा एका पट्टीवरून जाते आणि पेटीच्या सुरासारखा आवाज वैमानिकाच्या कानी पडतो. यासाठी वीज लागत नाही. विमानाला उचलणारा दाबच इशारा देतो. तो ऐकू येताच वैमानिक नाक खाली करतो, कोन घटतो आणि हवा पुन्हा पंखाला धरून वाहू लागते.

घरी करण्याजोगा एक प्रयोग आहे. कागदाची पट्टी ओठांखाली धरली, तर तिचं दुसरं टोक खाली झुकतं. तिच्या बाकदार पाठीवरून फुंकर मारली की पट्टी वर उठते. आता तीच पट्टी वरच्या टोकाला धरून सरळ लोंबू द्यावी आणि तिच्या एकाच बाजूनं खाली, पट्टीला समांतर फुंकावं. फुंकरीचा वेग तेवढाच आहे, तरी पट्टी फुंकरीकडे तशी ओढली जात नाही. फुंकरीची हवा आणि खोलीतली हवा हे एकच प्रवाह नव्हेत, त्यामुळे बर्नुलीचा नियम त्या दोघींची तुलना करायला चालत नाही. पहिल्या वेळी हवा वळली होती, दुसऱ्या वेळी वळली नाही. विज्ञानाच्या तासाला हे दोन्ही प्रयोग लागोपाठ करून पाहावेत आणि फरकाचं कारण विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावं.