विभाजक सरकतो, मजकूर सांडतो

पडद्याचे दोन कप्पे करून मधली रेघ माउसने ओढता येते, तेव्हा अनेकदा उजव्या कप्प्यातला मजकूर बाहेर सांडतो. समजा, फ्लेक्स मांडणीची चौकट 1000 पिक्सेल रुंद आहे आणि उजवीकडे कोडची न मोडणारी 700 पिक्सेलची ओळ आहे. न आकसणारा डावा कप्पा 500 पर्यंत ओढला, तर उजवीकडे 500 उरतात. पण फ्लेक्समधला कप्पा सहसा मजकुराच्या किमान रुंदीखाली आकसत नाही. त्यामुळे 200 पिक्सेल बाहेर जातात. दोष ओढण्याच्या कोडमध्ये शोधणे व्यर्थ. उपाय उजव्या कप्प्याच्या शैलीत आहे:

```
min-width: 0;
overflow: auto;
```

मात्र आता कप्पा शून्यापर्यंतही दाबला जातो. म्हणून दोन्ही बाजूंची किमान रुंदी ओढताना, तसेच खिडकीचा आकार बदलल्यावरही तपासावी लागते.