कोलेत फार लवकर बोलली

गावाकडच्या एका फ्रेंच वाड्यात लग्नाची तयारी चालू आहे. नवऱ्या मुलाची श्रीमंत मावशी हौशी आहे, तिला या निमित्तानं नाटक बसवायचंय. काम येतं मेर्लँ नावाच्या नोकरावर. तो चार माणसं गोळा करतो: स्वतः, मालकिणीची दासी लिझेत, शेतकऱ्याचा मुलगा ब्लेझ आणि माळ्याची मुलगी कोलेत. मेर्लँचं लग्न लिझेतशी ठरलेलं, ब्लेझचं कोलेतशी. नाटकात मात्र मेर्लँ जोड्या उलट्या लावतो. स्वतः कोलेतवर प्रेम करणार, आणि लिझेत नि ब्लेझ यांनी ते बघायचं.

हे पिएर द मारिव्होचं एकांकी नाटक, ‘ले आक्तर द बॉन फ्वा’; मराठीत म्हणायचं तर ‘मनापासून काम करणारे नट’. 1757 साली ते पॅरिसच्या एका नियतकालिकात छापून आलं, तेव्हा मारिव्होचं वय सत्तरीला टेकलं होतं. प्रेमिकांची तालीम करता करता नाटक कुठं संपलं नि खरं कुठं सुरू झालं हे कळेनासं होतं, असा प्रसंग पुढं कितीतरी जणांनी लिहिला. पण तो बांधायचा कसा, हे शिकावं मारिव्होकडूनच.

पहिली खुबी अगदी साधी आहे. मेर्लँच्या नाटकाला लिहिलेली संहिताच नाही. प्रसंग ठरलेला, वाक्यं ज्यानं त्यानं आपल्या स्वभावानुसार तिथल्या तिथं बोलायची. पॅरिसमध्ये खेळ करणाऱ्या इटालियन मंडळींची हीच रीत होती आणि मारिव्होनं त्यांच्यासाठी वर्षानुवर्षं लिहिलं होतं. त्यात भर म्हणजे पात्रांना वेगळी नावंही नाहीत. मेर्लँ मेर्लँच राहतो, कोलेत कोलेतच. परक्या नावाच्या आडोशाला उभं राहून माणूस काहीही बोलू शकतो, कारण ते बोलणं त्या नावाच्या खाती जमा होतं. इथं तो आडोसाच काढून घेतलाय. कोलेत जे बोलेल ते कोलेतचंच.

तालीम सुरू होते. मेर्लँ गोड बोलतो, भेट झाल्याचा आनंद दाखवतो. तुला बघून मला किती बरं वाटतं हे तुझ्या लक्षात आलं नाही का, अशा अर्थाचं काही विचारतो. खेडवळ कोलेतला आढेवेढे घेता येत नाहीत. आलंय लक्षात, ती सांगते, पण तिकडं लक्ष द्यायला भीती वाटते, कारण मग मलाही तसंच बरं वाटायला लागेल! आणि इथं मेर्लँ प्रियकराचं सोंग टाकून तालीम मास्तर होतो. हळू, कोलेत, इतक्यात कबुली देणं शोभत नाही.

सगळा प्रवेश या एका अडवणुकीवर उभा आहे. वाक्य चुकलं म्हणून मेर्लँ अडवत नाही, वाक्य फार बरोबर आलं म्हणून अडवतो. शिकलेल्या नटीनं प्रेम दाखवताना थोडा उशीर लावला असता, नजर चुकवली असती, नकार देऊन पाहिला असता. कोलेतनं ते काहीच केलं नाही, कारण तिला अभिनय येत नाही. आता प्रेक्षकांसमोर दोन शक्यता उभ्या राहतात. मुलगी अडाणी आहे म्हणून बोलून गेली, किंवा मनात होतं म्हणून बोलून गेली. मारिव्हो दोन्ही शक्यता शेवटपर्यंत जिवंत ठेवतो, आणि मला वाटतं या प्रवेशाची सगळी गोडी तिथंच आहे.

दुसरी खुबी बघणाऱ्यांची. लिझेत आणि ब्लेझ कडेला बसलेत. तालमीत त्यांचं काम आपली पाळी येईपर्यंत गप्प राहण्याचं, आणि नेमकं तेच त्यांना जमत नाही. लिझेत मध्येच टोकते, ब्लेझ कुरकुरतो, आणि त्याची तक्रार थोडक्यात अशी की ही दोघं सोंग करण्याचं सोंग करताहेत. खरं म्हणजे हा डाव मुद्दामच मांडलाय. लिझेत आणि ब्लेझ जळतात का हे बघायचंय, असं मेर्लँनं मालकाला सुरुवातीलाच सांगून ठेवलेलं असतं. ते ठाऊक असूनही आपण प्रेक्षक ब्लेझच्या बाजूनं विचार करू लागतो. प्रेम करणाऱ्या दोघांकडं कितीही निरखून पाहिलं तरी त्यांच्या मनातलं कळत नाही. रेषा ओलांडली गेली हे कळतं ते बघणाऱ्याच्या चेहऱ्यावरून. म्हणून असा प्रवेश बसवताना दिग्दर्शकानं लिझेत-ब्लेझला अंधारात ठेवलं, तर प्रवेश निम्मा मेला म्हणून समजावं.

नटांची चूक होते ती वेगळ्या ठिकाणी. मेर्लँ आणि कोलेत पहिल्या वाक्यापासूनच खरे प्रेमिक वाटले, तर पुढं घसरायला जागाच उरत नाही. सुरुवातीला अभिनय थोडा अवघडलेला, पाठ केल्यासारखा दिसायला हवा. तालमीबाहेर बोलताना कोलेतचा आवाज निराळा हवा, म्हणजे पुढं तोच घरगुती आवाज प्रेमाच्या वाक्यात उतरला की प्रेक्षकाचा कान टवकारतो.

या सगळ्याची उलटी बाजू मारिव्होच्याच काळातल्या दिदरोनं दाखवली. नटाबद्दलच्या त्याच्या प्रसिद्ध संवादात, जो तो गेल्यावर 1830 साली छापला गेला, एक नवरा-बायको मोलिएरच्या नाटकातल्या रुसलेल्या प्रेमिकांचं काम करतात. खऱ्या आयुष्यात दोघांचं एकमेकांशी हाडवैर. मोठ्यानं मोलिएरची लाडिक वाक्यं चाललीत, आणि मध्ये दबक्या आवाजात दोघं एकमेकांना शिव्या घालताहेत. प्रेक्षक मात्र टाळ्यांचा कडकडाट करतात. दिदरोचं म्हणणं असं की चांगल्या नटाला ती भावना वाटावीच लागत नाही. मारिव्होच्या कोलेतला भावना लपवता येत नाही, दिदरोच्या जोडप्याला ती असण्याची गरजच नाही.

मराठी वाचकाला स्वतःच्या नावानं काम करण्याचा हा डाव ओळखीचा वाटेल. तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये, 1967 साली अरविंद देशपांड्यांनी ‘रंगायन’साठी बसवलेल्या त्या नाटकात, हौशी मंडळी गावातल्या सामंतला दाखवण्यासाठी खटल्याची गंमत मांडतात. आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहणारी बाई बेणारेच असते, त्याच नावानं. सुलभा देशपांड्यांनी केलेली ती भूमिका प्रेमिकेची नव्हे. पण खेळातला आरोप तिच्या खऱ्या आयुष्यावर जाऊन बसतो तो याच वाटेनं, नावाचा आडोसा नसल्यामुळं.

1950 साली ज्याँ आनुईनं तो आडोसा परत दिला आणि तरीही तेच घडवून दाखवलं. त्याच्या ‘ला रेपेतिस्याँ’, म्हणजे ‘तालीम’, या नाटकात एक काउंट आपल्या वाड्यात मारिव्होचंच दुसरं नाटक बसवतो. त्यातला राजपुत्र खेड्यातल्या सिल्व्हियाच्या प्रेमात पडलेला असतो. राजपुत्र होतो काउंट, आणि सिल्व्हियाचं काम तो देतो ल्युसीलला, वाड्यात अनाथ मुलांना सांभाळणाऱ्या साध्या पोरीला. इथं नावं परकी, वाक्यं दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसानं लिहिलेली. पण सिल्व्हिया खरी कशी असते हे समजावता समजावता काउंट ल्युसीलचंच वर्णन करत बसतो, आणि ते त्याच्या बायकोला आणि प्रेयसीला त्याच्याआधी कळतं. पुन्हा बघणाऱ्यांनाच आधी कळलं.

फरक इतकाच की मारिव्होच्या वाड्यात भांडणाचा गलका होतो, थोडी फजिती होते आणि लग्न ठरल्याप्रमाणे पार पडतं. आनुईच्या वाड्यात बघणारे गप्प बसत नाहीत. काउंटचा मित्र एरो एका रात्री ल्युसीलच्या खोलीत येतो, काउंटनं तिला सोडून दिलंय असं तिला पटवतो आणि तिचा विश्वास मोडून टाकतो. ती वाडा सोडून निघून जाते. सिल्व्हियाची भूमिका तेवढी मोकळी राहते.