हातांनी काय सांगायचं

पलूसच्या यात्रेत आम्ही पहिल्यांदा नाटक उभं केलं, तेव्हा तालमीत प्रत्येक नवा नट मला एकच गोष्ट विचारायचा, "सर, हातांचं काय करू?" मी सांगायचो, "जे बोलतोस ते दाखव." हा सल्ला मी कितीतरी वर्षं मनापासून देत आलो आणि तो चुकीचा होता. तो चुकीचा का होता आणि तरीही इतका पक्का का बसला होता, हे समजायला मला खूप मागे जावं लागलं. मागे म्हणजे इथून तासाभरावरच्या सांगलीपर्यंत.

५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी सांगलीच्या राजवाड्यात 'सीतास्वयंवर' केलं. त्या खेळाची बांधणी नीट पाहिली की हातवाऱ्यांचं मूळ सापडतं. पद सूत्रधार म्हणायचा. राम धनुष्य उचलतो, सीता लाजते, रावण गुरगुरतो हे सगळं त्याच्या गाण्यातून यायचं आणि पात्र ते अंगानं करून दाखवायचं. मग पात्र आपल्या पदरची चार वाक्यं बोलायचं. म्हणजे शब्द एकाच्या तोंडी आणि अंग दुसऱ्याचं. अशा रचनेत पात्रानं शब्दागणिक हात हलवले तर ती पुनरुक्ती होत नाही. पात्र त्या वेळी गप्प असतं आणि हात हीच त्याची जीभ असते.

१८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' आलं आणि पात्रं स्वतःच गाऊ-बोलू लागली. आता शब्द आणि हात एकाच माणसाकडे आले. खरं तर इथे हात मोकळे व्हायला हवे होते, पण सवय राहिली. 'चंद्र' म्हटलं की वर बोट, 'हृदय' म्हटलं की छातीवर तळवा, 'तू' म्हटलं की समोरच्याकडे हात. माझ्या लहानपणी यात्रेतल्या पौराणिक नाटकांत मी हेच पाहिलं. त्याला एक रोकडं कारणही होतं. मैदानात हजारभर माणसं, मधूनमधून जाणारा आवाज आणि शेवटच्या रांगेतला माणूस कानानं अर्धं आणि डोळ्यांनी अर्धं नाटक बघणारा. त्याला अर्थ पोचवायला हात दुभाष्याचं काम करत होते. ती पद्धत अडाणीपणाची होती असं मी कधीच म्हणणार नाही. ती त्या मैदानासाठी घडलेली होती.

आपल्या जुन्या शास्त्रकारांना हा फरक स्वच्छ माहीत होता. 'दशरूपका'च्या परंपरेत पदार्थाभिनय आणि वाक्यार्थाभिनय असे दोन वेगळे शब्द आहेत. पदाचा, म्हणजे एकेका शब्दाचा अर्थ दाखवणं हे नृत्याकडे दिलं आहे आणि सबंध वाक्याचा अर्थ दाखवणं हे नाट्याकडे. एवढी एक गोष्ट मला वेळेवर कुणी सांगितली असती, तर माझी कितीतरी वर्षं वाचली असती. वर कृष्णाकाठीच, कऱ्हाडजवळच्या टेंभूत जन्मलेल्या आगरकरांनी 'हॅम्लेट'चं 'विकारविलसित' केलं. त्या नाटकात राजपुत्र नटांना सांगतो की हातानं हवा कापत सुटू नका, कृती शब्दाला शोभेल अशी ठेवा. गणपतराव जोश्यांनी हे नाटक गाजवलं, म्हणजे तो सल्ला आपल्या रंगमंचावरून आपल्याच भाषेत लोकांनी ऐकला होता.

बालगंधर्वांचं नागठाणे आमच्याच तालुक्यातलं. २६ जून १८८८ चा त्यांचा जन्म. १९१९ साली 'एकच प्याला'त ते सिंधू झाले. ज्यांच्या भरजरी शालूंची चर्चा घरोघरी व्हायची, ते या भूमिकेत ठिगळाच्या लुगड्यात उभे राहिले. त्यांचा रंगमंचावरचा हात मी पाहिलेला नाही आणि त्याबद्दल ऐकीव वर्णनं पसरवणार नाही. पण नुसत्या त्या लुगड्याचा विचार करा. सिंधू दारिद्र्याबद्दल बोलत असताना तिच्या हाताला दारिद्र्य दाखवायची गरजच उरत नाही, ते अंगावरच असतं. हात मग पदराशी, सुपाशी, पाळण्याशी राहू शकतात. वेशानं जे सांगून झालं ते हातानं पुन्हा सांगू नये, हे मला या विचारातून उमगलं.

माझा सल्ला बदलायला मात्र एक साधी तांत्रिक गोष्ट कारण झाली. आमच्या नाटकांत बरीच वर्षं मधोमध एक उभा माइक असायचा आणि त्याच्यासमोर नट खिळून असायचे. पुढे कॉलरचे माइक भाड्यानं मिळू लागले. पहिल्याच प्रयोगात आमचा नायक 'मी' म्हणाला, नेहमीप्रमाणे छातीवर हात आपटला आणि सगळ्या मैदानात ढप्प असा आवाज घुमला. दुसऱ्या 'मी'ला पुन्हा ढप्प. प्रयोगानंतर मी त्याला छातीवर हात न्यायला बंदी केली. नंतरच्या प्रयोगात एकाही प्रेक्षकाला त्या हाताची उणीव भासली नाही. 'मी' हा शब्द आपला आपण पोचला होता. मग मी वहीत लिहायला बसलो की आमच्या नाटकातले आणखी किती हात असे काढून टाकता येतील. पानंच्या पानं भरली.

त्याच सुमारास डेव्हिड मॅकनील यांचं 'हँड अँड माइंड' हे १९९२ चं पुस्तक माझ्या वाचनात आलं. त्यांनी लोकांना टॉम-जेरीसारखी एक कार्टून फिल्म दाखवली, त्यातली मांजर आणि पक्षी यांची गोष्ट पुन्हा सांगायला लावली आणि सांगतानाचे हात बारकाईनं पाहिले. एक बाई सांगते की गोष्टीतल्या म्हातारीनं मांजराला पुन्हा बाहेर हाकललं. तोंडी एवढंच. पण तिचा हात काहीतरी मुठीत धरून फिरवल्यासारखा हलतो. म्हातारीच्या हातातली छत्री तिच्या बोलण्यात कुठेच नाही, ती फक्त हातात आहे. बोलणारा माणूस मुळात असाच बोलतो. तोंड एक भाग सांगतं आणि हात दुसरा. आपण नटाला शिकवताना हे मोडून त्याच्याकडून एकच भाग दोनदा वदवतो.

हे सगळं कामाला लागलं ते आमच्या द्राक्षाच्या नाटकात. पलूस भागात द्राक्षबागा आहेत आणि व्यापारी माल नेऊन पैसे बुडवतो हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. एक बागायतदार रात्री घरी येतो आणि बायकोला सांगतो, "चार पेट्या नाहीत, अख्खी बाग गेली त्याच्या गाडीत. आठवड्यात पैसे देतो म्हणाला. आज फोन बंद." आमच्या नटानं पहिल्या तालमीत काय केलं? 'चार'ला चार बोटं, 'अख्खी'ला दोन्ही हात फाकवून, 'गाडी'ला स्टिअरिंग, 'पैसे'ला अंगठा-तर्जनी चोळून आणि 'फोन'ला कानाशी मूठ. तीन वाक्यांत पाच हात आणि प्रत्येक हातानंतर तो खाली मांडीवर परत. बघताना माणूस दिसेचना, खुणा दिसायच्या.

मी त्याला एवढंच विचारलं की हे सांगताना याला काय हवंय? तो म्हणाला, "बायकोनं आपल्याकडे बघू नये असं वाटतंय." उत्तर बरोबर होतं. मग हातांनी तेच करायचं, बागेचा हिशेब नाही. आधी आम्ही ठरवलं की विरळणीच्या कात्रीनं अंगठ्याला पडलेला घट्टा तो दुसऱ्या हातानं चोळत राहील आणि 'बंद'वर थांबेल. तालमीच्या खोलीत ते इतकं चांगलं दिसलं की आम्ही सगळे गप्प झालो. मैदानात मी शेवटच्या रांगेत जाऊन उभा राहिलो, तेव्हा तिसऱ्या रांगेच्या पलीकडे काहीच दिसत नव्हतं. बोटांची हालचाल खोलीपुरती असते. मैदानासाठी निदान कोपरापासूनचा हात हलायला हवा.

तेव्हा त्याच्या खांद्यावरचा टॉवेल कामाला घेतला. आल्यावर तो टॉवेल काढतो आणि बोलता बोलता मांडीवर घडी घालत जातो. अर्धी, पाव, आणखी लहान. बायकोकडे न बघायला त्याला कारण मिळालं आणि हातांना विश्रांतीची जागा मिळाली, म्हणून ते खाली-वर जायचे थांबले. पण इथेही एक चूक झाली. त्यानं घड्या वाक्यांच्या तालावर बसवल्या, प्रत्येक वाक्यामागे एक घडी. तेही पुन्हा मोजणंच झालं. मग आम्ही पहिल्या दोन घड्या पहिल्याच वाक्यात घाईनं उरकल्या, दुसरं वाक्य घडीवर तळवा ठेवून म्हटलं आणि 'आज'वर तिसरी घडी सुरू केली. 'बंद' येतं तेव्हा टॉवेल अर्धवट दुमडलेला आणि हात तिथेच.

वेळेचं गणित इथे सगळ्यात अवघड गेलं. थांबणं 'बंद'नंतर आलं की नटाला आठवलं म्हणून थांबला असं वाटायचं. 'बंद'च्या बरोबर आलं तर ठीक, पण सगळ्यात खरं तेव्हा वाटायचं, जेव्हा हात शब्दाच्या किंचित आधी थांबायचा. खऱ्या बोलण्यातही हाताचा मुख्य झटका शब्दाच्या आघातावर किंवा जरासा आधी पडतो, मागून जवळजवळ कधीच येत नाही. मागे पडलेला हात हे पाठ केलेल्या हाताचं पहिलं लक्षण आहे. हे डोळ्यांना चटकन कळत नाही, म्हणून आम्ही मोबाइलवर तालीम टिपायचो आणि आवाज बंद करून बघायचो. आवाज नसताना वाक्यातले शब्द ओळखता आले, तर हात पुनरुक्ती करताहेत. शब्द कळत नाहीत पण हा माणूस काहीतरी लपवतोय हे कळतं, तर हात जागेवर आहेत.

सगळेच दाखवणारे हात मी कापले असं नाही. 'हा', 'तो', 'तिकडे' या शब्दांना हात लागतोच, त्याशिवाय वाक्य अपुरं राहतं. घड किती मोठा होता हे सांगताना आकार हातानं दाखवणं हे शब्दापेक्षा जास्त सांगणं आहे. आणि लावणीच्या अदेत किंवा भारुडात शब्दाला जोडून हात येतो, तो तिथल्या रचनेचाच भाग आहे. त्याला नाटकाची फूटपट्टी लावायचं कारण नाही.

त्या प्रवेशात पुढे एक गोष्ट आपोआप घडली. तिसऱ्या प्रयोगात बायकोचं काम करणारीनं, तिला कुणी सांगितलेलं नसताना, तो अर्धवट टॉवेल त्याच्या मांडीवरून उचलला, झटकला आणि दोरीवर वाळत टाकला. तिच्या तोंडी होतं फक्त, "हात धू, वाढते." मी ते तसंच ठेवलं आणि संहितेच्या समासात लिहून घेतलं.