साठ सेकंदांत एक पडझड

मराठीत सावकाश बोललं तर मिनिटाला मोजकेच शब्द बसतात. समजा, नाशिकचा एक द्राक्षबागायतदार आपली गोष्ट सांगतोय. आजोबांपासून सुरुवात केली, तर बागेत पोचेपर्यंतच 20 सेकंद संपतात. त्यापेक्षा पहिलं वाक्य असं: ‘ऑक्टोबरात सगळी बाग एकाच आठवड्यात छाटली.’ चूक इथेच आहे, पण ऐकणाऱ्याला ती अजून कळलेली नाही.

मग फुलोऱ्यात पाऊस आणि गळकूज. निम्मा वेळ इथे द्यावा, तोही एकाच प्रसंगाला. ‘मी खचलो’ कुणीही म्हणेल. ‘घड हलवला, बारीक मणी हातात आले, उधारीसाठी औषधवाल्याचा फोन वाजत होता, मी उचलला नाही’ हे फक्त त्याचं. कर्जाचे आकडे गाळावेत, फार तर एक ठेवावा.

शेवटच्या 10-15 सेकंदांत धडा, तोही कृतीतून: ‘आता छाटणी दोन टप्प्यांत करतो, पाऊस आला तरी निम्मी बाग वाचू शकते.’ तिथे ‘हार मानू नका’ आलं, तर धडा सापडलेलाच नाही (हे फार वेळा होतं). मग घड्याळ लावून मोठ्याने वाचावं. 70 सेकंद लागले तर भरभर बोलू नये, सुरुवातीतलं एखादं वाक्य कापावं.