हँडब्रेक सोडला तरी लाल दिवा

घाट उतरताना वळणावर डॅशबोर्डवरचा लाल दिवा लुकलुकतो आणि सपाटीला आलं की विझतो. गोल, मधे उद्गारचिन्ह. हँडब्रेक तर केव्हाच सोडलेला असतो. बहुतेक जण दांडी एकदा वर-खाली करून बघतात. ते ठीकच आहे, कारण दांडीखालचा स्विच अडकला तरी हाच दिवा लागतो. पण अडकलेला स्विच सहसा घाट आणि सपाटी असा भेद करत नाही. उतारावर किंवा वळणावरच दिवा लागत असेल, तर बॉनेट उघडून ब्रेक ऑइलचा डबा बघावा.

बऱ्याच गाड्यांत या डब्यात एक फ्लोट असतो. ऑइल खालच्या खुणेच्या आसपास आलं, की गाडी कलल्यावर ते एका बाजूला जातं, फ्लोट खाली बसतो आणि दिवा लागतो. मग हे ऑइल गेलं कुठे? अनेकदा ते कुठेच सांडलेलं नसतं. पॅड झिजतात तसा कॅलिपरचा पिस्टन बाहेर सरकत जातो आणि त्याच्यामागची वाढलेली जागा ऑइल भरून काढतं. समजा, पिस्टनचा व्यास ५० मिलिमीटर आहे आणि चाकाचे दोन्ही पॅड प्रत्येकी ८ मिलिमीटर झिजलेत. साध्या एका पिस्टनच्या कॅलिपरमध्ये तो पिस्टन १६ मिलिमीटर पुढे येतो, म्हणजे त्यामागे साधारण ३० मिलिलिटर ऑइल जातं. पुढच्या दोन चाकांचं मिळून ६० मिलिलिटर, जवळजवळ एक कटिंग चहा. छोट्या डब्यातली पातळी खाली यायला एवढं पुरतं.

म्हणूनच पॅड न बघता ऑइल ओतणं मला सगळ्यात वाईट सवय वाटते. दिवा विझतो, पण पॅड तेवढेच पातळ राहतात. पुढे नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलले, की वाढीव ऑइल डब्यातून उतू जातं. नेहमीचं डॉट ३ किंवा डॉट ४ ऑइल बॉनेटखालच्या रंगावर सांडलं, तर रंगच उठवतं.

नव्या पॅडवर साधारण १० मिलिमीटर मसाला असतो. तो ३ मिलिमीटरवर आला की पॅड बदलायला घ्यावेत. काही पॅडना पत्र्याची जीभ असते, ती डिस्कला घासून किंचाळते, सगळ्यांनाच नसते. मागे ड्रम असतील तर लायनर बाहेरून दिसत नाहीत, ड्रम काढूनच बघावे लागतात.

पॅड आणि लायनर जाड आहेत, तरी डबा रिकामा होतोय, तर मात्र गळती आहे. चाकांच्या आतल्या बाजूला ओल शोधावी. काही गाड्यांत क्लचही याच डब्यातून ऑइल घेतो, तेव्हा क्लचच्या पेडलखालीही बघावं. ब्रेकचं पेडल मऊ लागत असेल किंवा दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल, तर गाडी गॅरेजपर्यंतही चालवू नये, ओढून न्यावी.