चारशे एक्कावन्न की एकशे बावन्न?

मुलाच्या रिचार्जवरून घरात वाद झाला, तेव्हाच ठरवलं की पुढचं कॅरोसेल प्रीपेड प्लॅनवर करायचं. नावं गाळून दोन प्लॅन घेतले. ‘अ’ २९९ रुपयांचा, २८ दिवस, रोज दीड जीबी. ‘ब’ ८५९ रुपयांचा, ८४ दिवस, रोज दोन जीबी. कॉल दोन्हीकडे अमर्याद, म्हणून ती ओळ काढूनच टाकली. जिथे फरक नाही तिथे वाचणाऱ्याला थांबवायचं कशाला?

स्लाइड १०८० बाय १३५० पिक्सेलच्या. डावीकडे ‘अ’, उजवीकडे ‘ब’, आणि प्रत्येक ओळ सगळ्या स्लाइडवर त्याच उंचीला. बोटाने सरकवताना फक्त आकडे बदललेले दिसावेत, नजरेला ओळ शोधावी लागू नये. पहिल्या खेपेला मी ‘ब’ला हिरवा आणि ‘अ’ला लाल रंग दिला होता. म्हणजे निकाल दुसऱ्या स्लाइडवरच लागला! मग दोन्हींना एकच करडा रंग दिला, अक्षरंही एकाच आकाराची ठेवली.

खरी चूक मात्र हिशेबात होती. ‘अ’ वर्षात तेरा वेळा, म्हणजे ३,८८७ रुपये. ‘ब’ चार वेळा, म्हणजे ३,४३६. मी ठळक अक्षरांत लिहिलं, ‘४५१ रुपये वाचले’. कच्चं काम बहिणीला पाठवलं. तिचा फोन आला, “अगं, चार वेळा चौऱ्याऐंशी म्हणजे तीनशे छत्तीसच की. उरलेला महिना काय बिनफोनचा काढायचा?” खरंच. तेरा वेळा २८ म्हणजे ३६४ दिवस, त्यामुळे ‘ब’च्या बाजूला आणखी २८ दिवस धरायला हवेत. ‘अ’चंच एक रिचार्ज तिथे जोडलं, तर बेरीज ३,७३५ होते. बचत उरली १५२ रुपये.

दर जीबीचा भावही काढला होता. ‘अ’ सुमारे सात रुपये, ‘ब’ पाच. पण रोजचा डेटा मध्यरात्री बुडतो. ज्याचा दिवसाला अर्धा जीबीही संपत नाही, त्याला तो भाव सांगून काय उपयोग? ती स्लाइड काढली.

शेवटच्या स्लाइडवर विजेत्याचा मुकुट घालायचा मोह होतोच. मी तिथे तीन ओळी लिहिल्या. दीड जीबी संध्याकाळीच संपत असेल आणि ८५९ रुपये एकरकमी देणं जड नसेल, तर ‘ब’. येत्या दोन-तीन महिन्यांत नंबर दुसऱ्या कंपनीत न्यायचा विचार असेल, तर ‘अ’, कारण पोर्ट करताना उरलेले दिवस बुडतात. घरी वायफाय असेल आणि फोन फक्त बोलण्यापुरता लागत असेल, तर दोन्ही नकोत. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये फक्त कॉल-एसएमएसचे प्लॅन ठेवणं कंपन्यांना बंधनकारक केलंय, ते आधी बघा.

खाली बारीक अक्षरांत किमती पाहिल्याची तारीख टाकली. बहिणीने ती मोठी करायला लावली.